फीची वही, पावतीपुस्तक आणि एक्सेल, तिघांची तीन तोंडं. शाळेसाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

केजची सून (रविवार, रात्री 9:40)

नमस्कार मंडळी. केज तालुक्यात आमची छोटी शाळा आहे. नर्सरी ते आठवी, स्वयंअर्थसहाय्यित, 386 मुलं. सासऱ्यांनी काढलेली. मी बी.कॉम. आहे हे घरात कुणाला तरी आठवलं आणि दोन वर्षांपासून ऑफिस माझ्या गळ्यात पडलं.

मंगळवारी जे झालं ते सांगते, म्हणजे काय पाहिजे ते कळेल. आमच्याकडं एका घरातली दोन भावंडं आहेत, मोठा सहावीत, धाकटी दुसरीत. वडील कारखान्यावर ट्रॅक्टर चालवतात, दसऱ्यानंतर जातात ते उन्हाळ्यातच येतात. मंगळवारी दोन दिवसांच्या सुट्टीवर आले ते तडक ऑफिसात. कारण आमच्या क्लार्कनं दुसरीच्या ग्रुपवर थकबाकीची यादी टाकली होती आणि त्यात धाकटीच्या नावापुढं "अद्याप एकही रुपया भरलेला नाही" असं होतं. ते म्हणाले, "मॅडम, दिवाळीआधी आठ हजार कुणाला दिले मग मी?"

एक्सेल उघडलं. मोठ्याची वर्षाची फी 18,000, त्यातली बाकी 5,000, धाकटीची पूर्ण 14,000. एकूण 19,000. ते म्हणतात 17,000 निघतात. त्यांच्या खिशात पावती होती, खरी होती. आमचं एक्सेलही आम्हीच भरलेलं. दोन तास गेले, शेवटी सासऱ्यांनी चहा पाजून पाठवलं. पण चूक कुठं आहे ते मला अजून सापडलेलं नाही.

आता तीन सॉफ्टवेअरवाले येऊन गेलेत. तिघांच्या स्क्रीनवर रंगीत गोल चकत्या आहेत. फी, हजेरी आणि पालकांना मेसेज, एवढं तिन्ही नीट करणारं काय घ्यावं? की कुणाकडून करून घ्यावं?

विशाल नांदेड (रविवार, रात्री 10:05)

ताई, सॉफ्टवेअरला पैसे घालू नका. संस्थेच्या खात्याचा क्यूआर गेटवर लावा. रोख घेणं बंद. पालकांनी पैसे पाठवले की स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकायचा, तोच पुरावा. महिन्याच्या शेवटी एक्सेलमध्ये बाकीचा रकाना बदलायचा. हजेरीला अंगठ्याचं मशीन बसवा. झालं. आमच्या भाच्याच्या शाळेत असंच चालतंय.

झेडपी गुरुजी (रविवार, रात्री 10:31)

हजेरीचं काही बोलूच नका. आम्ही दोन शिक्षक, चार वर्ग. सकाळी कॅटलॉग भरायचा, मग पोषण आहाराचा आकडा भरायचा, मग मोबाईलवर पुन्हा तेच. गावात रेंज फक्त मारुतीच्या पारावर. आधारवरचं नाव आणि दाखल खारीजमधलं नाव जुळत नाही म्हणून अकरा पोरं पोर्टलवर लटकलीत आणि संचमान्यतेत आमचाच पट कमी दिसायलाय. यावर कुणी सॉफ्टवेअर काढत असेल तर सांगा, मी स्वतः वर्गणी गोळा करतो.

केजची सून (रविवार, रात्री 10:44)

गुरुजी, तुमचं दुःख खरं आहे पण माझा प्रश्न पोर्टलचा नाही, आमच्याच ऑफिसातल्या हिशोबाचा आहे. :)

जुना मुनीम (सोमवार, सकाळी 7:15)

ताई, कोणतंही सॉफ्टवेअर घ्यायच्या आधी एक काम करा. त्या आठ हजारांच्या पावतीची स्थळप्रत काढा. पावती कुणाच्या नावानं आहे आणि मागं पेन्सिलनं काही लिहिलंय का, एवढं बघा. आणि या वर्षात एक्सेल किती जणांनी भरलं तेही सांगा.

(मी अडत दुकानात पंचवीस वर्षं कीर्द-खतावणी लिहिली. आता चार शाळांचे हिशोब बघतो.)

केजची सून (सोमवार, दुपारी 1:20)

मुनीमकाका, तुम्ही ऑफिसात येऊन गेलात का काय? पावती क्रमांक 587, तीन ऑक्टोबरची, मोठ्याच्या नावानं, 8,000. स्थळप्रतीच्या मागं पेन्सिलनं "दोघांचे 4-4". हे आधीच्या क्लार्कचं अक्षर आहे. तो डिसेंबरात सोडून गेला, जानेवारीपासून नवीन मुलगा आहे. आणि आणखी एक सापडलं. सासऱ्यांच्या डायरीत नोव्हेंबरात लिहिलंय, धाकटीला भावंड म्हणून दोन हजार कमी.

जुना मुनीम (सोमवार, रात्री 8:50)

मग चूक सापडलीच की. बघा.

मोठ्याची वर्षाची फी 18,000, धाकटीची 14,000. जूनमध्ये त्यांनी काही भरलं असेल, तुमच्या आकड्यांवरून ते पाच हजार येतात, मोठ्याच्या नावावर. म्हणजे मोठ्याचे राहिले 13,000. ऑक्टोबरात आठ आले. जुन्या क्लार्कनं पालकाच्या सांगण्यावरून चार-चार वाटले. मोठ्याच्या बाकीत 9,000 लिहिले, धाकटीच्या बाकीत 10,000. बरोबर केलं त्यानं. नोव्हेंबरात सवलतीचे दोन हजार वजा करून धाकटीचे 8,000 केले. हेही बरोबर. दोघांचे मिळून 17,000. पालक म्हणतो तेच.

जानेवारीत नवीन पोरगा आला. कामाचा दिसतोय, कारण त्यानं पावत्या आणि एक्सेल जुळवून बघायला घेतलं. 587 दिसली, मोठ्याच्या नावावर 8,000. एक्सेलमध्ये मात्र चारच वजा झालेत. त्याला वाटलं आधीच्यानं चूक केली. मोठ्याची बाकी 5,000 केली. मग धाकटीच्या नावाची वर्षभरात एकही पावती नाही आणि बाकी 8,000 कशी? ती त्यानं पुन्हा 14,000 करून ठेवली. झाले 19,000. वरचे दोन हजार म्हणजे डायरीतली सवलत.

आता यात कुणी पैसे खाल्ले नाहीत, कुणी आळस केला नाही. दोघांनीही आपापल्या परीनं बरोबर केलं. घोटाळा त्या "बाकी" नावाच्या रकान्यानं केला. बाकी हाती लिहायची गोष्टच नाही. जुना आकडा खोडून नवा लिहिला की तो का बदलला, कुणी बदलला, हे कायमचं गेलं. आमच्या अडतीत शेतकऱ्याची बाकी कुणी अशी खोडून लिहिली असती तर मालकानं त्याच दिवशी गल्ल्यावरून उठवलं असतं.

कीर्दीत फक्त घडलेल्या गोष्टी लिहायच्या. एक गोष्ट, एक ओळ. तुमच्या या घराच्या ओळी अशा होतील:

```
15/06  1184  आकारणी  वर्षाची फी      18000
15/06  1391  आकारणी  वर्षाची फी      14000
20/06  1184  जमा     पावती 212      -5000
03/10  1184  जमा     पावती 587      -4000
03/10  1391  जमा     पावती 587      -4000
10/11  1391  सवलत    अध्यक्ष, भावंड   -2000
```

रजिस्टर क्रमांक, 212 आणि तारखा मी अंदाजानं घातल्यात, तुमच्या तुम्ही घाला. 587 दोनदा आलीय ते मुद्दाम. पावती एक, पण खाती दोन. बेरीज घेतली की मोठ्याचे 9,000, धाकटीचे 8,000. नवीन क्लार्कला काही विचारावं लागत नाही.

रिकामा कंपायलर (सोमवार, रात्री 9:30)

मुनीमकाकांना साष्टांग. पुण्यात आम्ही याच गोष्टीवर तीन-तीन तास मीटिंगा करतो.

मी मूळचा उदगीरचा, सॉफ्टवेअरमध्ये आहे. केजच्या ताई, विकत घेण्याआधी हे गुगल शीटवर एक महिना चालवून बघा. एका शीटला नाव द्या `Nond`. रकाने: A तारीख, B रजिस्टर क्रमांक, C प्रकार, D संदर्भ, E रक्कम. दुसऱ्या शीटमध्ये A रकान्यात सगळ्या मुलांचे क्रमांक आणि शेजारी बाकी:

```
=SUMIFS(Nond!E:E, Nond!B:B, A2)
```

या रकान्यात कुणी हात घालायचा नाही. शीट लॉक करून टाका.

दोन खड्डे सांगतो. पहिला, मुलाची ओळख नावानं ठेवू नका. आमच्या काकांच्या शाळेत एकाच वर्गात दोन आदित्य होते, आडनावही एकच. हजेरी क्रमांकही नको, तो दर जूनला बदलतो. जनरल रजिस्टरचा क्रमांक घ्या, तो शाळा सोडेपर्यंत त्या पोराचा.

दुसरा खड्डा तारखेचा. कुणी 03/10/2025 लिहितं, कुणी 3.10.25 लिहितं. टिंबवाली तारीख शीटला बहुतेक वेळा तारीख वाटतच नाही, साधा मजकूर वाटतो. वरच्या सूत्राला फरक पडत नाही, पण तारखेवर काही काढायला गेलात की ती ओळ गुपचूप गळते, कुठंही लाल दिसत नाही. ओळखायची खूण एकच, खरी तारीख चौकटीत उजवीकडं चिकटते आणि मजकूर डावीकडं.

हेडबाई परभणी (सोमवार, रात्री 10:12)

छान चाललंय, पण मुनीमकाकांच्या मांडणीत मला एक अडचण दिसते. पंधरा जूनला अख्ख्या वर्षाची फी आकारून ठेवली तर सोळा जूनला 386 च्या 386 पालक थकबाकीदार. मग क्लार्क यादी काढणार आणि ग्रुपवर टाकणार.

आमच्याकडं आम्ही हप्त्यांच्या तारखाच बदलल्या. जून, ऑगस्ट, ऑक्टोबर असं छापलेलं होतं. ऑगस्टात आमच्या भागात कुणाकडं पैसा असतो? पेरणी-खुरपणीत सगळा गेलेला असतो. आता जूनमध्ये थोडे, मग सोयाबीन विकल्यावर नोव्हेंबरात, मग तूर-हरभऱ्यावर मार्चमध्ये. ऊसतोडीला जाणाऱ्यांची उचल दसऱ्याच्या आसपास हातात येते, ते स्वतःच आधी आणून देतात. वसुली वाढली की नाही ते छातीठोक सांगत नाही, पण ऑगस्टातली भांडणं संपली.

आणि ताई, आरटीईच्या 25 टक्क्यांतली मुलं तुमच्याकडं असतील तर त्यांची आकारणी पालकाच्या खात्यावर अजिबात टाकू नका. ती प्रतिपूर्ती शासनाकडून यायची, कधी येईल ती येईल. आमच्याकडं एका वर्षी त्या मुलांची नावं थकबाकीच्या यादीत गेली आणि एका आईनं मंगळसूत्र गहाण ठेवायची भाषा केली. मला अजून तोंड दाखवायला लाज वाटते.

रिकामा कंपायलर (सोमवार, रात्री 10:40)

हेडबाईंचा मुद्दा एकदम बरोबर. आकारणीची एक ओळ न लिहिता प्रत्येक हप्त्याची वेगळी ओळ लिहा, आणि तारीख म्हणून तो हप्ता देय होतो ती तारीख टाका. मग दोन बाक्या निघतात. एक वर्षाची, एक आजची. आजची अशी:

```
=SUMIFS(Nond!E:E, Nond!B:B, A2, Nond!A:A, "<="&TODAY())
```

समजा मोठ्याचे सहा-सहा हजारांचे तीन हप्ते, जून, नोव्हेंबर, मार्च. धाकटीचे पाच, पाच आणि चार. जानेवारीअखेर मोठ्याचे 12,000 देय झाले, 9,000 आले, राहिले 3,000. धाकटीचे 10,000 देय झाले, चार भरले आणि दोन सवलतीचे, राहिले 4,000. म्हणजे त्या ट्रॅक्टरवाल्या भाऊंकडून मंगळवारी मागायचे होते 7,000. ना 19, ना 17.

मी वर तारखेच्या टिंबावर का बोंबललो ते आता कळेल. नोव्हेंबरच्या आकारणीत टिंबवाली तारीख पडली तर ती या सूत्रात मोजलीच जाणार नाही, आणि पालक खूश, कारण बाकी शून्याच्याही खाली.

विशाल नांदेड (मंगळवार, सकाळी 9:02)

एवढं किचकट करायची गरज आहे का? स्क्रीनशॉट असला की विषय मिटतो. ऑनलाईनला खोटं काय होणार?

जुना मुनीम (मंगळवार, सकाळी 9:40)

विशालराव, क्यूआरचं तुमचं बरोबरच आहे. ड्रॉवरमध्ये रोकड जितकी कमी तितकी क्लार्कची झोप चांगली. पण स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. एकच स्क्रीनशॉट बाप पाठवतो आणि ज्याच्या फोनवरून पैसे गेले तो चुलताही पाठवतो, दोन दिवसांच्या अंतरानं. आमच्या एका शाळेत अशा एका व्यवहाराच्या दोन पावत्या फाटल्या. मार्चअखेर बँकेत साडेतीन हजार कमी भरले तेव्हा कळलं.

यूपीआयच्या प्रत्येक व्यवहाराला बारा आकडी यूटीआर असतो. तो संदर्भाच्या रकान्यात पावती क्रमांकाबरोबर लिहायचा, आणि पावती फाडायची ती बँकेच्या उताऱ्यात तो आकडा दिसल्यावर. उतारा बघायचा अधिकार क्लार्कला नसेल तर रोज संध्याकाळी जो बघू शकतो त्यानं बसायचं. पैसे पाठवणाऱ्याचं नाव जुळेलच असं नाही. चुलत्याचं असतं, कधी किराणा दुकानदाराचंही.

रिकामा कंपायलर (मंगळवार, सकाळी 10:15)

जोडतो. यूटीआरला वेगळा रकाना करा आणि तो आधीच `Plain text` करून ठेवा. ताईंचा क्लार्क एक्सेलच वापरत राहिला तर तिथं बारा आकडे साध्या चौकटीत टाकले की ते 4.28E+11 असं दाखवतं. तशी फाईल सीएसव्ही करून पुन्हा उघडली की मागचे आकडे गेलेच समजा.

क्लासवाला लातूर (मंगळवार, दुपारी 3:30)

माझा नीटचा क्लास आहे, वसतिगृहासकट. आमच्याकडं अंगठ्याचं मशीन आहे, पोरगं आत आलं की बापाच्या फोनवर मेसेज. पहिल्या महिन्यात पालक लई खूश. मग लाईट गेली, इन्व्हर्टर बसला, आणि चारशे घरी "तुमचा पाल्य गैरहजर". नांदेडहून एक बाप मोटरसायकलवर निघाला होता. तेव्हापासून मेसेज आपोआप जात नाही, आमचा माणूस बघून पाठवतो. दहावीच्या आतल्या पोरांना तर मशीनच नको, थंडीत भेगाळलेल्या बोटांचे ठसे लागत नाहीत.

केजची सून (मंगळवार, रात्री 9:20)

हजेरीचं बोललात म्हणून विचारते. आमच्या बाई म्हणतात, कॅटलॉग तर भरावाच लागतो, मग मोबाईलवर पुन्हा 42 पोरांना टिक का करायची? चूक नाही त्यांची.

रिकामा कंपायलर (मंगळवार, रात्री 9:55)

42 टिका करायच्याच नाहीत. कॅटलॉग शाईनं जसा आहे तसा राहू दे, कागदोपत्री खरा तोच. मोबाईलवर फक्त गैरहजर मुलांचे क्रमांक. चार-पाच आकडे, अर्धा मिनिट.

यातली मेख अशी. ज्या दिवशी वर्गातून काहीच आलं नाही त्या दिवशी सगळे हजर होते, की बाई विसरल्या? शीटमध्ये दोन्ही सारखंच दिसतं, रिकामं. म्हणून सगळे हजर असले तरी "शून्य" असं पाठवायचंच. साडेअकरापर्यंत ज्या वर्गाचा ना आकडा ना शून्य, त्या वर्गात शिपाईमामांना पाठवायचं. विकतच्या सॉफ्टवेअरमध्येही हे आवर्जून तपासा. बऱ्याच ठिकाणी न भरलेली हजेरी आपोआप "हजर" धरली जाते. त्या दिवशी पोरगं शाळेत न येता बसस्टँडवर असेल तर तुमची नोंद तुमच्याच अंगावर येईल.

गेवराईकर (बुधवार, दुपारी 12:10)

मी शाळावाला नाही, पालक आहे. मुकादमी करतो. तुम्ही सगळे हिशोबाचं बोलायलात, मी मेसेजचं बोलतो.

सहा महिने आम्ही सांगली-कोल्हापूरकडं फडात असतो. फोन पालावर, चार्जिंग संध्याकाळी मिळालं तर मिळालं. पोरं आजीपाशी. आजीकडं बटनाचा फोन, तिला वाचता येत नाही. शाळा मेसेज करती माझ्या नंबरवर, "आज गैरहजर". मी तो रात्री नऊला बघतो. काय उपयोग? हजेरीचा फोन आजीला करा, बोलून सांगा. फीचा मेसेज मला करा. दोन्हीला दोन नंबर ठेवायला काय जातंय?

आणि यादी ग्रुपवर टाकू नका. त्या ग्रुपात माझ्या टोळीतले आठ जण हायेत. बाकी मी देईन, पण टोळीनं माझ्या घरात काय शिल्लक हाय ते मोजलं की मला पुढच्या साली माणसं कोण देणार?

केजची सून (बुधवार, दुपारी 12:45)

भाऊ, हे वाचून गप्प झाले. यादी त्याच दिवशी काढून टाकली होती, पण टाकली आम्हीच.

हेडबाई परभणी (बुधवार, रात्री 8:30)

आमच्याकडं प्रत्येक मुलापुढं नंबर, तो कुणाचा आणि शेवटचा कधी लावून बघितला ती तारीख, असं लिहितो. दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्या आठवड्यात वर्गशिक्षिका सगळे नंबर फिरवते. दरवर्षी बरेच बंद निघतात, सिमकार्डं बदललेली असतात.

सॉफ्टवेअरवाला एसएमएसचं सांगत असेल तर त्याला विचारा डीएलटीवर, म्हणजे मोबाईल कंपन्यांच्या एसएमएस पोर्टलवर, नोंदणी कुणाच्या नावानं आहे. संस्थेची नोंदणी, सहा अक्षरी हेडर आणि मजकुराचा साचा आधी मंजूर करून घ्यावा लागतो. आणि मराठीत एका एसएमएसमध्ये 70 अक्षरं बसतात, काना-मात्राही त्यात मोजतात. आमच्या संस्थेचं नाव तेवढ्यातच निम्मं खातं, मग एका मेसेजचे दोनाचे पैसे. साध्या नंबरवरून शेकडो पालकांना व्हॉट्सॲप पाठवाल तर नंबरच बंद होऊ शकतो, आमचा झालाय एकदा, दहावीच्या निरोप समारंभाच्या आदल्या दिवशी.

विशाल नांदेड (बुधवार, रात्री 9:10)

यादी लावल्याशिवाय पालक हलत नाहीत हेही खरं आहे ना पण. ज्यांच्याकडं असून देत नाहीत त्यांचं काय? दाखला अडवा मग.

हेडबाई परभणी (बुधवार, रात्री 9:25)

आठवीपर्यंत दाखला अडवता येत नाही, आरटीई कायद्यातच आहे. असून न देणारे आमच्याकडंही आहेत. मी त्यांना समोर बोलावते. काही येतात, काही येत नाहीत. याच्यावर उपाय माझ्याकडं नाही.

केजची सून (दोन आठवड्यांनी, रविवार, रात्री 10:00)

आले परत. सहावी आणि दुसरी, दोन वर्गांच्या ओळी लिहून काढल्या. 71 मुलं, पाच संध्याकाळी. नवीन मुलगा पावतीपुस्तकं वाचायचा, मी टाईप करायचे.

71 पैकी 58 जुळली. नऊ ठिकाणी भावंडांची एकच पावती, म्हणजे तेच दुखणं. तीन ठिकाणी सवलत फक्त डायरीत. एका ठिकाणी पावती रद्द केलेली, पण स्थळप्रतीसकट पानच फाडून टाकलेलं, त्यामुळं 341 नंतर एकदम 343. काय होतं ते कुणालाच आठवत नाही.

ट्रॅक्टरवाल्या भाऊंना फोन केला. म्हटलं, तुमचं बरोबर होतं, 17,000, आणि आज मागायचे फक्त 7,000. ते म्हणाले, व्हॅनचे धरले का? व्हॅनचे आम्ही वेगळ्या वहीत लिहितो. :(

आता अडलंय दोन ठिकाणी. एक, मागच्या वर्षीच्या बाक्या. त्यांच्या ओळी लिहायला पावत्याच पूर्ण नाहीत. दोन, सासरे. रस्त्यात कुणी भेटलं की "बरं, हजार कमी दे" म्हणतात आणि ऑफिसला सांगायचं राहतं.

जुना मुनीम (सोमवार, सकाळी 7:05)

341 नंतर 343, हे लेखापरीक्षकाच्या नजरेला पहिलं पडतं. इथून पुढं रद्द पावतीच्या तिन्ही प्रती पुस्तकातच, आडव्या रेघेसकट. आणि पैसे नोंदलेले असतील तर तेवढ्याच रकमेची उलटी ओळ, प्रकार "रद्द". जुनी ओळ पुसायची नाही.

मागच्या बाकीला एकच रस्ता. प्रत्येक पालकाला तुमचा आकडा लिहून दाखवा, त्यानं मान्य केला तर सही घेऊन "मागील बाकी" म्हणून एक ओळ. मान्य नसेल तर त्याच्या पावत्या बघा. तरी जुळलं नाही तर त्याचा आकडा आणि तुमचा आकडा दोन्ही कागदावर राहू द्या, कीर्दीत फक्त दोघांना मान्य तेवढाच टाका. व्हॅनचं खातं वेगळं ठेवलं तरी चालेल, पण त्याच क्रमांकावर, त्याच नोंदीत, प्रकार "व्हॅन".

सासऱ्यांना सवलतीचं छोटं पुस्तक छापून द्या, खिशात मावेल असं. नाव, रक्कम, सही. चिठ्ठी ऑफिसात आली तर ओळ पडेल.

केजची सून (सोमवार, सकाळी 7:50)

पुस्तक छापते. पण ते चिठ्ठी फाडतील असं तुम्हाला खरंच वाटतं?

जुना मुनीम (सोमवार, सकाळी 8:10)

नाही. पण पालक मागेल. पालकांना सांगून ठेवा, चिठ्ठी दाखवल्याशिवाय हजार कमी होत नाहीत.

झेडपी गुरुजी (सोमवार, सकाळी 8:22)

ते "शून्य पाठवायचं" आजपासून आमच्या केंद्रात सुरू करायलोय. आधारचं काय झालं पण?